खोक्यातला कागद आणि तिसरी पिन

मराठी पाट्यांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांना आम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. २०२२ मध्ये राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नसावं, हेही त्यात आहे. चांगलंच झालं. आता त्याच मराठी पाटीच्या दुकानातून आमच्या वस्तीतली एक बाई हप्त्यावर कूलर घेते. घरी आणून खोकं फोडते. थर्माकोलच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्यांचा एक कागद निघतो. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मराठीचा एक शब्द नाही. दुकानाच्या पाटीवरचं अक्षर किती इंचाचं आहे हे मोजणारे लोक या कागदापर्यंत कधी येणार?

पाटी वाचता आली नाही तर माणूस फार तर चुकीच्या दुकानात शिरेल. हा कागद वाचता आला नाही तर जीव जाऊ शकतो.

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत कूलर म्हणजे चैन नाही, तान्ह्या लेकराला आणि म्हाताऱ्या माणसाला जगवायची सोय आहे. आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. बहुतेक वेळा दोन ओळीत आटोपते. ‘पाणी भरताना’ एवढं लिहिलेलं असतं. त्या माणसाला पाणी भरण्याआधी काय करायचं हे कोणी, कोणत्या भाषेत सांगितलं होतं, हे त्या बातमीत नसतं.

आम्ही काही जणांनी यंदा एप्रिलमध्ये असा एक कागद मराठीत आणायचं ठरवलं. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण जवळजवळ सगळ्यांचे कागद सारखेच असतात. सात आकडे घातलेल्या पायऱ्या, बाजूला सहा-सात चित्रं, खाली बारीक अक्षरात इशारे. आम्हाला वाटलं होतं एका संध्याकाळचं काम आहे. तीन आठवडे लागले. का लागले, तेच सांगायचं आहे.

पहिलं भांडण एका शब्दावर झालं. मूळ कागदात चौथी पायरी अशी होती की, प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटमध्येच लावा. आमच्यातला एक मित्र मराठीत एम.ए. आहे. त्याने लिहिलं, ‘भूसंपर्कित त्रिशूळी खोबणीतच जोडणी करण्यात यावी.’ शेजारी आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केलेला पोरगा बसला होता. तो म्हणाला, ‘दादा, हे वाचून माझी आई देव्हाऱ्यात जाईल.’ हसलो आम्ही सगळेच, पण वाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एम.ए.वाल्याचं म्हणणं असं की इंग्रजी शब्द घ्यायचे तर मराठी करायचंच कशाला. आयटीआयवाल्याचं म्हणणं असं की ‘अर्थिंग’ हा शब्द वस्तीतल्या प्रत्येक माणसाने ऐकलेला आहे, ‘अर्थिंग नाही म्हणून करंट मारतो’ हे वाक्य त्याच्या आजीलाही कळतं, मग तो शब्द परका कसा?

आम्ही आयटीआयच्या बाजूने उभे राहिलो. इथे हट्टाचा काही भाग नाही. शुद्ध मराठीच्या नावाखाली संस्कृतातून घडवलेले शब्द कोणाला कळतात आणि कोणाला कळत नाहीत, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. ज्ञान होतं, पण ते ज्या भाषेत होतं ती भाषा आपल्याला शिकायला बंदी होती. आज बंदी नाही, पण ‘भूसंपर्कित’ लिहिणारा माणूस नकळत तीच भिंत पुन्हा बांधतो. प्लग, बोर्ड, पॉइंट, वायर, फ्यूज, टेस्टर, अर्थिंग हे मराठीच शब्द आहेत, कारण मराठी माणसं त्यांच्यावर पोट भरतात. त्यातही हे काम करणारी पोरं कोणत्या वस्त्यांमधून येतात ते आपल्याला माहीत आहे. त्यांची भाषा म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे.

दुसरा शब्द यापेक्षा घातक निघाला, आणि तो संस्कृतही नव्हता, इंग्रजीही नव्हता. तो आपला रोजचा ‘बंद करा’.

मूळ इंग्रजीत पाणी भरण्याआधी प्लग काढायला सांगितलं होतं. पहिल्या मसुद्यात आमच्यापैकी एकाने सहज लिहून टाकलं, ‘पाणी भरण्यापूर्वी कूलर बंद करा.’ वाचायला एकदम नैसर्गिक. आयटीआयवाल्याने कागद परत केला. कूलर बंद करणं म्हणजे आपल्या डोक्यात काय येतं? कूलरवरचं बटण शून्यावर नेणं. पंखा थांबला, आवाज थांबला, झाला बंद. पण वायर अजून बोर्डात आहे. बटण साधारणपणे दोनपैकी एकच तार तोडतं. जुन्या घरात, भाड्याच्या खोलीत बोर्डाची जोडणी उलटी झालेली असेल तर तोडली जाते ती न्यूट्रल, आणि फेज कूलरच्या आत पंपापर्यंत तशीच जिवंत राहते. पंखा थांबलेला, पंप थांबलेला, तरी पाण्यात करंट असू शकतो. म्हणून मूळ कागदात ‘बटण बंद करा’ न म्हणता ‘प्लग काढा’ म्हटलेलं आहे. मराठीत ‘बंद करा’ या दोन शब्दांत या दोन्ही गोष्टी मावतात, आणि वाचणारा त्यातली सोपी निवडतो. शेवटी आम्ही कागदावर ‘कूलर बंद करा’ हे वाक्य एकदाही ठेवलं नाही. जिथे जिथे ते हवं होतं तिथे ‘प्लग बोर्डातून बाहेर काढा’ असं लिहिलं.

तिसरी गोष्ट शब्दाची नाही, वाक्याच्या रचनेची आहे, आणि ती आम्हाला आधी सुचलीच नव्हती. ती एका आठवीतल्या मुलीने शिकवली.

कागद वाचून पाहायची आमची पद्धत साधी होती. पिंप्राळ्याच्या एका घरात रिकामा कूलर ठेवला. घरातला मेन स्विच बंद केला. मुलगी मोठ्याने वाचणार आणि तिची आजी, जिला वाचता येत नाही, ती ऐकून करणार. आम्ही कोपऱ्यात बसून तोंड मिटून बघणार. खानदेशातल्या बहुतेक घरात कागद असाच वाचला जातो. शाळेतलं पोर वाचतं, मोठं माणूस हात चालवतं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्यासारख्या हुशार, कष्टाळू बाया आजही प्रत्येक गल्लीत आहेत, आणि कूलरमध्ये पाणी त्याच भरतात.

मुलीने वाचलं, ‘पाणी भरण्यापूर्वी प्लग बोर्डातून बाहेर काढा.’ ‘पाणी भर’ एवढं कानावर पडताच आजीने बादली उचलली. वाक्य संपलं तेव्हा निम्मं पाणी टाकीत होतं. मग ती थांबली आणि म्हणाली, ‘आता काढू का?’

दोष आजीचा नव्हता. इंग्रजीत ‘प्लग काढा’ आधी येतं आणि ‘पाणी भरण्याआधी’ नंतर येतं. मराठीत ‘पूर्वी’वालं तोंड आधी येतं आणि क्रियापद शेवटी. म्हणजे जी कृती नंतर करायची ती कानावर आधी पडते. पुस्तक वाचताना याने काही बिघडत नाही. बादली हातात असताना बिघडतं. आम्ही ते वाक्य तोडलं. एक पायरी, ‘प्लग बोर्डातून बाहेर काढा.’ पुढची पायरी, ‘आता पाणी भरा.’ कागदावरचा क्रम आणि हाताचा क्रम एक झाला.

याच धाग्यात ‘नका’चं दुखणं. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो. ‘ओल्या हाताने प्लगला हात लावू नका’ हे वाक्य चिंचोळ्या रकान्यात छापलं तर ‘लावू’ वरच्या ओळीत राहतं आणि ‘नका’ खालच्या ओळीत जातं. झेरॉक्सची कड कापली गेली तर ‘नका’ गायब, आणि वर उरलेल्या ओळीचा अर्थ उलटा. आम्ही हे उगाच कल्पून सांगत नाही. आमच्याच पहिल्या प्रिंटमध्ये एका ठिकाणी शेवटची ओळ कापली गेली होती. म्हणून जिथे शक्य तिथे आम्ही नकार काढून करायची गोष्ट लिहिली: ‘हात कोरडे करा. मगच प्लग धरा.’ यातलं अर्धं वाक्य हरवलं तरी माणूस मरत नाही.

आणि ‘करण्यात यावे’? ते आम्ही एका झटक्यात काढलं. ‘प्लग काढण्यात यावा.’ कोणी काढावा? सरकारी मराठीत काम नेहमी कोणीतरी दुसऱ्याने करायचं असतं. त्या वाक्यात कर्ताच नाही. काम करणाऱ्या माणसाचं नाव न घेता काम करून घ्यायची सवय या समाजाला फार जुनी आहे, ती निदान कूलरच्या कागदावर नको. ‘काढा’, ‘भरा’, ‘पुसा’. समोरच्याला अहो-जाहो करून, पण थेट.

हिंदी कागदावरून मराठी करायचा मोह आम्हालाही झाला होता. लिपी तीच, शब्द ओळखीचे, ‘है’चं ‘आहे’ केलं की झालं. असं केलेले मराठी कागद बाजारात दिसतातही. पण हिंदीत ‘प्रयोग करें’ म्हणजे वापरा. मराठीत प्रयोग करणं म्हणजे काय होतंय ते करून बघणं. ‘केवळ तीन पिन सॉकेटचा प्रयोग करावा’ हे वाचून कोणी खरंच प्रयोग केला तर जबाबदार कोण? हिंदीतल्या ‘चेतावनी’ला काना-मात्रा लावून ‘चेतावणी’ करतात. मराठीत चेतवणं म्हणजे पेटवणं. इशारा द्यायचा तर ‘इशारा’ हा शब्द आपल्याकडे धडधाकट आहे. त्याहून मोठा धोका असेल तर ‘धोका’. तो शब्द आपण विजेच्या खांबावर कवटीच्या खाली लहानपणापासून वाचत आलोय. त्याच्याशी मिळत्याजुळत्या हिंदीतल्या ‘धोखा’चा मात्र फसवणूक असा अर्थ होतो. इंग्रजी कागदांवर इशाऱ्याच्या तीन पायऱ्या असतात: टाळलं नाही तर जीव जाईलच, टाळलं नाही तर जीव जाऊ शकतो, आणि टाळलं नाही तर किरकोळ इजा होऊ शकते. तिघांना आम्ही अनुक्रमे ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘जपून’ असे शब्द दिले. ‘सावधान’ मुद्दाम टाळला. तो शब्द लग्नात अक्षता पडताना इतक्या वेळा ऐकलाय की त्याला आता कोणी दचकत नाही.

आता चित्रांकडे येऊ. ‘लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं आहेत ना’ असं आम्हाला बऱ्याच जणांनी सुनावलं. चित्रांना भाषा लागत नाही हा शिकलेल्यांचा गैरसमज आहे. आम्ही तीच चित्रं, शेजारचा मजकूर झाकून, वस्तीतल्या काही बायांना दाखवली आणि एवढंच विचारलं: हे काय करायला सांगतंय?

पिवळ्या त्रिकोणातली वीज सगळ्यांनी ओळखली. पुढे घसरण सुरू झाली. कचऱ्याच्या चाकाच्या डब्यावर फुली असलेलं चित्र दाखवलं तर एकीने सांगितलं, ‘कूलरमध्ये कचरा टाकू नका.’ त्याचा खरा अर्थ असा आहे की कूलर खराब झाला की घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा. उघडं पुस्तक वाचणारा माणूस, म्हणजे आधी माहितीपुस्तिका वाचा. त्यावर उत्तर आलं, ‘शिकलेल्यांनीच वापरायचा.’ एक उभी रेघ आणि खाली कमी कमी होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा हे अर्थिंगचं चिन्ह. ते कोणाला खराटा वाटलं.

ही उत्तरं चुकीची असली तरी त्यांनी जीव जात नाही. एका चित्राचं मात्र तसं नव्हतं. निळ्या गोलात प्लग आणि सॉकेट, मध्ये थोडं अंतर. अर्थ असा की प्लग काढून ठेवा. दोघींनी शांतपणे सांगितलं, ‘प्लग लावा.’ चित्रात काहीच हलत नाही, त्यामुळे प्लग आत चाललाय की बाहेर येतोय हे कळायला मार्ग नाही. शिवाय आमच्या हातातला कागद काळा-पांढरा छापलेला. निळा गोल म्हणजे करायलाच हवं, लाल गोल म्हणजे करायचं नाही, हा रंगाचा नियम त्यात करडा होऊन गेला होता.

हे जगाला माहीत नाही असं नाही. चिन्हं लोकांना कळतात का हे तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ९१८६ नावाची. अमेरिकेतल्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात तर आकडेही आहेत: तपासलेल्या लोकांपैकी निदान ८५ टक्क्यांना अर्थ बरोबर कळला पाहिजे, आणि उलटा, घातक अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. आमचं तपासणं इतकं मोठं नव्हतं, त्यातून टक्केवारी काढण्याचा शहाणपणा आम्ही करणार नाही. पण दोन बाया एका चित्राचा नेमका उलटा अर्थ लावतात हे कळल्यावर ते चित्र तसंच ठेवणं म्हणजे जाणूनबुजून केलेला गुन्हा झाला असता. आम्ही त्या चित्रात सॉकेटपासून दूर जाणारा जाड बाण काढला आणि खाली लिहिलं, ‘प्लग बाहेर’. पुन्हा विचारलं तेव्हा कोणी ‘लावा’ म्हटलं नाही.

एवढं सगळं होऊन कागद असा झाला:

१. कूलर उघड्या खिडकीजवळ ठेवा. कूलरची पाठ बाहेरच्या हवेकडे करा. खोलीतलं दुसरं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा.
२. प्लग बोर्डातून बाहेर आहे, हे डोळ्यांनी बघा.
३. आता पाणी भरा. वरच्या रेघेच्या खाली थांबा.
४. सांडलेलं पाणी पुसा. हात कोरडे करा. पायात चप्पल घाला.
५. तीन पिनचा प्लग, अर्थिंग असलेल्या बोर्डात थेट लावा.
६. आधी पंप चालू करा. गवत पूर्ण भिजू द्या. मग पंखा चालू करा.
७. पुन्हा पाणी भरायचं आहे? प्लग बोर्डातून बाहेर काढा. पायरी २ पासून सुरू करा.

पहिल्या पायरीतल्या दुसऱ्या खिडकीबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगतो. कूलर हवा ओली करून थंड करतो. ती ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि माणूस म्हणतो कूलर बेकार आहे. चौथ्या पायरीतली चप्पल मात्र मूळ कागदात नव्हती. तिच्यावर पुढे येतो.

खरी अडचण पाचवी पायरी आहे. भाषांतर निर्दोष झालं तरी ती पायरी आमच्या अर्ध्या वस्तीला पाळता येत नाही. ज्या घरात आम्ही कागद तपासला, त्याच गल्लीत एका मावशींचा जुना लोखंडी कूलर ‘मुंग्या आणतो’ अशी तक्रार होती. आयटीआयवाल्याने टेस्टर लावला. पत्र्याला लावताच दिवा लागला. कूलरचा प्लग तीन पिनचा होता. तो एक्स्टेन्शन बोर्डात होता, त्या बोर्डालाही तीन भोकं होती. बोर्ड उघडला तर आत वायर दोनच. तिसरं भोक नुसतं शोभेचं. पुढे भिंतीतला पॉइंट उघडला तर तिथेही अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती.

तिसरी पिन काय करते ते नीट समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडच्या प्लगमध्ये ती वरची, जाड आणि लांब पिन असते. लांब अशासाठी की प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी. टाकीतल्या पंपाची वायर किंवा आतलं वेटोळं खराब झालं की करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो तिसऱ्या तारेतून जमिनीत जातो, एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. कूलर बंद पडतो, माणूस वाचतो. अर्थिंग नसेल तर काहीच उडत नाही. कूलर मजेत चालू राहतो आणि पत्र्यावर २३० व्होल्ट वाट बघत बसतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस हात लावतो तेव्हा तिसरी तार तोच होतो. म्हणून ‘मुंग्या येतात पण चालतो’ हा कूलर चांगला नसतो. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही समजायचं नाही. प्लास्टिकच्या कूलरला टेस्टर काही सांगणार नाही, आणि पाणी तरीही जिवंत असू शकतं.

मग कागदावर ‘अर्थिंग असलेल्या बोर्डात’ एवढं लिहून कंपनी मोकळी, पण आम्ही मोकळे होतो का? आमच्यात पुन्हा भांडण झालं. एका बाजूचं म्हणणं, भाषांतरकाराने मूळात नाही ते घालू नये. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अर्थिंग आहे की नाही हे कसं ओळखायचं ते न सांगता अर्थिंगच्या बोर्डात लावा म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. आम्ही मधला मार्ग काढला. सात पायऱ्या मूळाला धरून ठेवल्या, चप्पल तेवढी घुसवली आणि घुसवली हे मान्य करतो. बाकी सगळं वेगळ्या कागदावर, आमच्या जबाबदारीवर. त्यावर लिहिलं: अर्थिंग आहे का हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या, तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, गळणारा करंट माणसातून गेला तरी तो क्षणात लाइन तोडतो. मुंग्या आल्या तर कूलरला पुन्हा हात न लावता आधी मेन स्विच पाडा. कोणी चिकटला तर त्याला हाताने ओढू नका, मेन स्विच पाडा, तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला करा. ‘नका’ आलाच इथे. त्याला पर्याय सापडला नाही, म्हणून तो शब्द ओळीच्या मधोमध, दुप्पट मोठ्या अक्षरात ठेवला.

आता कायद्याचं. पाकिटबंद मालावरची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी, असं २०११ चे वैधमापनशास्त्राचे नियम सांगतात. त्यात मराठी घालायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०३३५, म्हणतं की सूचना ज्या देशात माल विकला जातो तिथल्या अधिकृत भाषेत असाव्यात. युरोपातल्या छोट्या छोट्या देशांच्या भाषा त्या कागदांवर दिसतात त्या याच विचारातून. आपल्याकडे ‘देशाची भाषा’ म्हटलं की हिंदी-इंग्रजीवर भागवलं जातं, आणि कोट्यवधी मराठी माणसं कागदाच्या बाहेर राहतात.

पण एक दार उघडं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८४. अपाय टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयी इशारा दिला नसेल, तर उत्पादक नुकसानीला जबाबदार आहे. ‘पुरेशा’ हा शब्द लक्षात घ्या. ज्याला माल विकला त्याला न कळणाऱ्या भाषेतली सूचना पुरेशी कशी? कायद्यात भाषेचं नाव नाही, म्हणून हा आमचा युक्तिवाद आहे, आयता निकाल नाही. कंपनी कलम ८७ पुढे करेल: उघड किंवा सगळ्यांना माहीत असलेल्या धोक्याबद्दल सांगायची जबाबदारी आमच्यावर नाही. पाणी आणि वीज यांचं वैर सगळ्यांना माहीत आहे, असं त्यांचा वकील म्हणेल. त्यावर आमचं उत्तर तयार आहे: बटण शून्यावर असताना पाण्यात करंट असू शकतो, हे सगळ्यांना माहीत नाही. तीन भोकांचा बोर्ड खोटा असू शकतो, हेही नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षांची. कायदा शिकणाऱ्या आपल्या पोरा-पोरींनी हा मुद्दा घेऊन एकदा उभं राहावं, असं आम्हाला वाटतं.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते आणि विजेचं धोरण त्यांच्या खात्याकडे होतं. वीज स्वस्तही हवी आणि मुबलकही हवी, हा त्यांचा आग्रह होता. आज वीज आमच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत आली आहे. तिच्याबरोबर यायला हवी होती ती तिसरी तार आलेली नाही.

त्या मावशींच्या घरमालकाला आम्ही भेटलो. वायरिंग त्याचं, घर त्याचं, कूलर मावशींचा. तो म्हणाला, ‘कूलर तुमचा आहे, मग अर्थिंग तुम्हीच करा.’ तूर्त मावशींचा कूलर बंद आहे, प्लग बाहेर काढून वायर गुंडाळून ठेवलेली. आमचा कागद त्याच्या अंगावर, टाकीच्या झाकणाशेजारी चिकटवला आहे. खोक्यात ठेवून तो कोणी वाचत नाही, पाणी भरताना डोळ्यासमोर आला तरच वाचला जातो. पुढच्या रविवारी गल्लीतल्या भाडेकरूंना घेऊन घरमालकाकडे पुन्हा जायचं आहे. त्यानंतर मिक्सर आणि पाणी तापवायच्या रॉडचा कागद घेणार आहोत. रॉडच्या कागदावर बादली लोखंडाची की प्लास्टिकची, यावरून आत्ताच वाद सुरू झालाय. ज्यांना वायरिंगचं काम येतं आणि ज्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते, अशा दोघा-तिघांची त्यासाठी गरज आहे.